त्वरण मागे-पुढे, मग वस्तू पुढेच का? दोनदा इंटिग्रेट केल्यावर येणारा 6t

प्रश्न: a(t) = 12 sin 2t, s(0) = 3 आणि v(0) = 0 दिलंय, s(t) काढायचंय. मी दोनदा इंटिग्रेट केलं. पहिला स्थिरांक v(0) म्हणजे 0 घेतला, दुसरा s(0) म्हणजे 3. उत्तर आलं s(t) = 3 − 3 sin 2t. पुस्तकात मात्र 3 + 6t − 3 sin 2t आहे. हे 6t कुठून आलं? आणि वस्तू सुरुवातीला थांबलेली आहे, त्वरण निम्मा वेळ धन, निम्मा वेळ ऋण आहे, मग ती पुढेच पुढे कशी जाते?

उत्तर:

पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे, आणि तुमचं इंटिग्रेशनही बरोबर आहे. गडबड फक्त एका ओळीत झाली: पहिला स्थिरांक म्हणजेच सुरुवातीचा वेग, असं तुम्ही धरलंत. तो तसा असतोच असं नाही. आधी गणित पाहू, मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. खरं तर तोच जास्त चांगला प्रश्न आहे, आणि बरेच जण तो विचारतच नाहीत.

त्वरण एकदा इंटिग्रेट केलं की वेग मिळतो:

v(t) = −6 cos 2t + C₁

आता इथेच थांबा. पुढचं इंटिग्रेशन करायच्या आधी v(0) = 0 ही अट याच ओळीत घाला. cos 0 ची किंमत 1 आहे, म्हणून

0 = −6 + C₁, म्हणजे C₁ = 6

म्हणजे वेग आहे v(t) = 6 − 6 cos 2t. हा पुन्हा इंटिग्रेट करा:

s(t) = 6t − 3 sin 2t + C₂

आणि s(0) = 3 घातल्यावर 3 = 0 − 0 + C₂, म्हणून C₂ = 3. पुस्तकातलं उत्तर हेच. तुम्हाला खटकलेला 6t म्हणजे पहिला स्थिरांक 6, दुसऱ्या इंटिग्रेशनमधून गेल्यावर t ला गुणून आलेला.

तुमची समजूत कुठून आली असेल याचा अंदाज आहे. या प्रकारची पहिली उदाहरणं बहुपदींची असतात: a = 6t, a = 4 − 2t अशी. बहुपदी इंटिग्रेट केली की प्रत्येक पदात t चा घात येतो, t = 0 ला ती सगळी पदं शून्य होतात आणि उरतो फक्त स्थिरांक. त्यामुळे तिथे C₁ = v(0) आणि C₂ = s(0) हे दर वेळी खरं ठरतं, आणि दहा उदाहरणं झाल्यावर तो नियमच वाटायला लागतो. पण हा गुण बहुपदींचा आहे, इंटिग्रेशनचा नाही. cos 0 = 1, e⁰ = 1; अशी पदं t = 0 ला नाहीशी होत नाहीत, आणि त्यांची तिथली किंमत स्थिरांकाला भरून काढावी लागते. इथे −6 cos 2t हे पद t = 0 ला −6 देतं, वेग मात्र 0 हवा, म्हणून C₁ ला 6 व्हावं लागलं.

तुमचा दुसरा स्थिरांक बरोबर आला तो sin 0 = 0 असल्यामुळे. त्वरण 12 cos 2t असतं तर उलट झालं असतं. वेगात 6 sin 2t आला असता आणि C₁ खरंच v(0) एवढा निघाला असता. पण स्थानात −3 cos 2t आला असता आणि C₂ हा s(0) + 3 झाला असता. तेव्हा कुठला स्थिरांक सरळ उचलता येईल हे पाठ करू नका. अट घाला आणि समीकरण सोडवा. एका ओळीचंच काम आहे.

या दोन चुकांचे परिणाम मात्र सारखे नाहीत. C₂ चुकला तर सगळा आलेख तेवढ्याच अंतराने वर किंवा खाली सरकतो, चूक वाढत नाही. C₁ मधली चूक t ने गुणली जाते. तुमच्या उत्तरात C₁ सहाने कमी आहे, म्हणून 1 सेकंदाने स्थान 6 मीटरने चुकतं, 10 सेकंदांनी 60 मीटरने. म्हणून पहिला स्थिरांक काढताना जास्त जपा.

आता दुसरा प्रश्न: त्वरण धन आणि ऋण सारखंच असताना वस्तू परत का येत नाही?

त्वरण वस्तूची जागा ठरवत नाही. ते वेगात भर घालतं किंवा वेगातून वजा करतं, आणि जागा त्या वेगाने बदलते. एका आवर्तनात त्वरणाची बेरीज शून्य होते, हे तुमचं म्हणणं खरं. पण त्याचा अर्थ एवढाच की एका आवर्तनानंतर *वेग* जिथे होता तिथे परत येतो. *स्थान* परत येईल, असं त्यातून कुठेच निघत नाही.

आकडे घेऊन एक आवर्तन चालून पाहू. sin 2t चं आवर्तन π सेकंदांचं, म्हणजे सुमारे 3.14 सेकंद. पहिल्या अर्ध्यात, t = 0 ते π/2, त्वरण धन आहे आणि त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ बरोबर 12 भरतं. म्हणजे थांबलेल्या वस्तूचा वेग 0 वरून 12 मीटर प्रति सेकंद होतो. या काळात ती 3 मीटरवरून 12.42 मीटरवर पोचते. दुसऱ्या अर्ध्यात त्वरण ऋण आहे आणि तितकंच, 12 चं, क्षेत्रफळ काढून घेतं. पण काढून कशातून घेतं? 12 च्या वेगातून. वेग 12 वरून उतरत t = π ला शून्यावर येतो आणि त्या क्षणी त्वरण पुन्हा धन व्हायला लागतं. शून्याच्या खाली जायची वेळच वेगावर येत नाही. ब्रेक लागत असतानाही वस्तू पुढेच जात राहते आणि 21.85 मीटरवर क्षणभर थांबते. मग पुन्हा तेच. दर आवर्तनाला ती 6π, म्हणजे सुमारे 18.85 मीटर पुढे सरकते, सरासरी 6 मीटर प्रति सेकंद.

सूत्रातही हे दिसतं. 1 − cos 2t = 2 sin² t, म्हणून v(t) = 12 sin² t. वर्ग कधी ऋण होत नाही. वस्तू एक क्षणही मागे जात नाही.

ऋण त्वरण म्हणजे मागे जाणं नव्हे. वेग धन असताना त्वरण ऋण असेल तर वस्तू मंदावते, एवढंच. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण sin दिसला की मन लगेच झोके घेणाऱ्या गतीचं चित्र काढतं आणि हे वाक्य विसरतं.

मग तुमचं उत्तर, 3 − 3 sin 2t, कोणत्या गतीचं आहे? ती गतीही खरी आहे, फक्त अट वेगळी आहे. तिचा वेग −6 cos 2t, म्हणजे t = 0 ला −6. कोणीतरी वस्तू 3 मीटरच्या खुणेवरून मागच्या दिशेने 6 मीटर प्रति सेकंद वेगाने सोडली, आणि त्याच क्षणी हे त्वरण सुरू झालं. तेव्हाच ती 0 आणि 6 मीटरच्या मध्ये मागे-पुढे होत राहील. पहिल्या अर्ध्या आवर्तनात मिळणारे 12 तिला −6 वरून +6 वर नेतात, दुसऱ्या अर्ध्यात जाणारे 12 पुन्हा −6 वर आणतात. बल तेच, पण सुरुवातीच्या वेगामुळे एक वस्तू जागच्या जागी झुलते आणि दुसरी कायमची निघून जाते.

दोन अटी का लागतात याचं उत्तरही यातच आहे. समजा दोन गतींचं त्वरण अगदी एकच आहे. त्यांच्या स्थानांतला फरक घ्या. त्या फरकाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून पहिला डेरिव्हेटिव्ह स्थिर, म्हणून फरक C₁t + C₂ अशा रूपाचाच असणार. म्हणजे त्वरण कळलं की गतीबद्दल सगळं कळलं, फक्त एक सरळ रेषा कळायची राहिली. ती रेषा ठरवायला दोन माहित्या लागतात, कमी नाही आणि जास्तही नाही. तुमच्या आणि पुस्तकाच्या उत्तरातला फरक 6t आहे. तो अशीच एक रेषा आहे.

अट t = 0 ला नसेल तर काय होतं, हे या उदाहरणात विशेष पाहण्यासारखं आहे. त्वरण तेच, 12 sin 2t, पण समजा t = π/4 ला वस्तू 3 मीटरवर स्थिर होती असं दिलं. cos(π/2) = 0, म्हणून 0 = 0 + C₁ आणि C₁ = 0. पुढे 3 = −3 sin(π/2) + C₂, म्हणून C₂ = 6. उत्तर s(t) = 6 − 3 sin 2t. इथे वस्तू स्थिर अवस्थेतूनच सुटली, तरी ती झुलते, निघून जात नाही! कारण ती त्वरण ऐन भरात असताना सुटली. धन भागातलं निम्मंच क्षेत्रफळ, म्हणजे 6, तिच्या वाट्याला आलं. नंतरच्या ऋण भागातले पहिले 6 तो वेग संपवतात आणि उरलेले 6 तिला मागे ढकलतात. तेव्हा ‘वेग शून्य’ एवढं सांगून भागत नाही, *कोणत्या क्षणी* शून्य हेही सांगावं लागतं. अट t = π/4 ची असताना सवयीने t = 0 घालून मोकळं झालात तर C₁ = 6 येईल आणि झुलणारी वस्तू कागदावर पळून जाईल.

स्थिरांकांचा हा घोळ मुळातच टाळायचा असेल तर मर्यादा घालून इंटिग्रेट करा. मी स्वतः तसंच करतो आणि शिकवतानाही तोच आग्रह धरतो:

v(t) = v(t₀) + ∫ a(u) du, u = t₀ पासून t पर्यंत

s(t) = s(t₀) + ∫ v(u) du, u = t₀ पासून t पर्यंत

यात C हे अक्षर येतच नाही. खालच्या मर्यादेची किंमत आपोआप वजा होते, आणि cos 0 = 1 विसरायची सोय राहत नाही. वेगासाठी −6 cos 2u ची किंमत u = t आणि u = 0 ला घेऊन वजाबाकी करा: −6 cos 2t + 6. तुमचा हरवलेला 6 हा खालच्या मर्यादेतून येतो. आतल्या चलाला t ऐवजी u म्हणायचं तेवढं लक्षात ठेवा. वरची मर्यादा आणि आतलं चल दोन्ही t लिहिलं की पुढच्या पायरीत हमखास गोंधळ होतो.

दोन इंटिग्रेशनं मिळून एकही करता येतं. हे कोशीचं सूत्र:

s(t) = s(0) + v(0)·t + ∫ (t − u) a(u) du, u = 0 पासून t पर्यंत

याचा अर्थ सोपा आहे. u या क्षणी मिळालेल्या छोट्या धक्क्याने वेगात a(u) du एवढी भर पडते, आणि ती भर उरलेला सगळा वेळ, म्हणजे t − u, वस्तूला पुढे नेत राहते. म्हणून आधी बसलेला धक्का नंतरच्या धक्क्यापेक्षा जास्त अंतर कापून देतो. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यांत नेमकं उत्तर मला हेच वाटतं. धन धक्का आधी येतो, ऋण नंतर. दोन्ही आकाराने सारखे असले तरी धन धक्क्याला काम करायला दर वेळी जास्त वेळ मिळतो. हे इंटिग्रल खंडशः सोडवा, 6t − 3 sin 2t मिळेल.

अटींची जोडी नेहमी एका क्षणाचं स्थान आणि त्याच क्षणाचा वेग अशीच असेल असं नाही. दोन वेगळ्या क्षणांची स्थानं दिली तरी चालतं: s(0) = 3 आणि s(π) = 3 दिलं तर C₂ = 3 आणि πC₁ + 3 = 3, म्हणून C₁ = 0. इथे मात्र C₁ पहिल्या इंटिग्रेशननंतर लगेच काढता येत नाही, तो शेवटपर्यंत तसाच न्यावा लागतो. म्हणून दोन्ही स्थिरांकांना वेगळी नावं द्या. दोघांनाही C म्हटलंत तर s = −3 sin 2t + Ct + C अशी ओळ तयार होते आणि दोन अज्ञातं चुकून एक होतात.

दोन वेग दिले तर मात्र काम होत नाही. दोन्ही समीकरणांत फक्त C₁ असतो. या त्वरणासाठी v(0) आणि v(π) सारखेच असावे लागतात. ते सारखे दिले असतील तर दुसरी अट नवीन काही सांगत नाही, वेगळे दिले असतील तर अशी गतीच नाही. दोन्ही वेळा C₂ कळत नाही. वेग कितीही ठिकाणी मोजलात तरी वस्तू कुठे आहे ते त्यातून निघत नाही.

उत्तर तपासताना एक सापळा आहे, आणि तुमच्या उत्तरात तो स्पष्ट दिसतो. 3 − 3 sin 2t चा दुसरा डेरिव्हेटिव्ह घ्या: 12 sin 2t, बरोबर. t = 0 घाला: 3, तेही बरोबर. बहुतेक जण इथे तपासणी संपवतात. पण दुसरा डेरिव्हेटिव्ह घेतला की C₁t + C₂ पूर्ण पुसलं जातं, म्हणून स्थिरांकांची चूक त्या तपासणीत कधीच सापडणार नाही. एकदाच डेरिव्हेटिव्ह घ्या, −6 cos 2t, आणि त्यात t = 0 घाला. −6 येतं, हवं होतं 0. चूक लगेच हाती लागते. तपासण्या तीन आहेत: s'', s'(t₀) आणि s(t₀). मधली सोडू नका. कॅल्क्युलेटरवर किंमती पडताळत असाल तर तो रेडियनमध्ये आहे ना ते पाहा. sin 2t चा डेरिव्हेटिव्ह 2 cos 2t हे रेडियनमध्येच खरं आहे; अंशांमध्ये ठेवला तर बरोबर सूत्रसुद्धा चुकीचं वाटेल.

ही पद्धत कुठे थांबते तेही सांगतो, कारण पुढच्याच प्रकरणात ते लागेल. त्वरण t चं फल म्हणून दिलेलं असेल तरच असं दोनदा इंटिग्रेट करता येतं. a = −4s असं दिलं, म्हणजे त्वरण स्थानावर अवलंबून असेल, तर उजवी बाजू t मध्ये इंटिग्रेट करता येत नाही, कारण s(t) हेच तर शोधायचं आहे. तिथे s हा स्थिरांक असल्यासारखा बाहेर काढून −2st² लिहिलेलं मी अनेक वह्यांत पाहिलं आहे; ते चूक आहे. ते विकलक समीकरण म्हणून सोडवायचं. त्याचं उत्तर A cos 2t + B sin 2t या रूपाचं येतं. अटी तिथेही दोनच लागतात, पण त्यात C₁t असं पद नसतं, त्यामुळे ती वस्तू खरोखरच झुलत राहते, पळून जात नाही. कारण तिथलं बल वस्तू कुठे आहे ते पाहून तिला मध्याकडे ओढतं. तुमच्या उदाहरणातलं बल फक्त घड्याळ पाहतं, वस्तू कितीही दूर गेली तरी त्याला फरक पडत नाही.

आणि त्वरण सूत्राऐवजी मोजमापातून येत असेल, म्हणजे ॲक्सिलरोमीटरची वाचनं घेऊन स्थान काढायचं असेल, तर तिसरी एक अडचण येते. सुरुवातीच्या वेगातली चूक वेळेच्या पटीत वाढते हे वर पाहिलंच. पण उपकरण प्रत्येक वाचनात थोडंसं जास्त दाखवत असेल तर ती चूक दोनदा इंटिग्रेट होते आणि वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. फक्त 0.01 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी स्थिर चूक घ्या. एका मिनिटात स्थान ½ × 0.01 × 3600, म्हणजे 18 मीटरने चुकतं. अचूक v(0) आणि s(0) दिले तरी ही चूक जात नाही, कारण ती सरळ रेषेच्या रूपाची नसते आणि दोन स्थिरांक फक्त रेषाच दुरुस्त करू शकतात. म्हणून वस्तू थांबलेली आहे हे जिथे नक्की माहीत असेल तिथे मध्येच वेग शून्य धरून इंटिग्रेशन नव्याने सुरू करतात, आणि शक्य असेल तिथे स्थान वेगळ्या मार्गाने पुन्हा मोजून घेतात.